अशक्य डेडलाइनला लेखी उत्तर: ‘नाही’ न म्हणता पर्याय कसे मांडायचे

मंगळवार, 3 तारीख, संध्याकाळचे पाच. मीटिंग संपता संपता बॉस म्हणतात, “ग्राहकांची सगळी माहिती 13 तारखेच्या शुक्रवारपर्यंत नव्या सिस्टिमवर आली पाहिजे.” तुमच्या डोक्यात लगेच चक्र सुरू होतं. नोंदी बारा हजार, माणसं दोन, त्यातल्या एकाकडे मासिक हिशेबाचा अहवाल. हे होणार नाही हे तुम्हाला तिथेच कळलेलं असतं. ते सांगायचं कसं, एवढाच प्रश्न उरतो.

बहुतेक जण दोनपैकी एक उत्तर देतात. पहिलं, “सर, शक्य नाही.” यावर बॉसला करण्यासारखं काहीच उरत नाही, म्हणून ते आग्रह धरतात आणि तुम्ही आडमुठे ठरता. दुसरं, “बघतो, प्रयत्न करतो.” तुमच्या मनात याचा अर्थ ‘कठीण आहे’ असा असतो, पण बॉसच्या वहीत ‘13 तारीख, ठरलं’ अशी नोंद होते. 12 तारखेला तुम्ही तोंड उघडाल तेव्हा ती नोंद तुमच्यापुढे येईल.

या लेखात तिसरा रस्ता आहे: कामाचा हिशेब मांडायचा, दोन-तीन खरे पर्याय लिहून द्यायचे आणि त्यातला एक बॉसना निवडायला सांगायचं. वरचंच उदाहरण शेवटपर्यंत धरून, आकड्यांसकट, एकेक पायरी बघू.

मीटिंगमध्ये काय बोलायचं

मीटिंगमध्ये वाद घालू नका. चार लोकांसमोर दिलेली तारीख चार लोकांसमोर मागे घेणं कुणालाच आवडत नाही. शिवाय त्या क्षणी तुमच्याकडेही फक्त अंदाज असतो, आकडा नसतो. पण गप्पही बसू नका, कारण गप्प बसणं म्हणजे होकार. एवढंच म्हणा: “कामाचा अंदाज काढून उद्या दुपारी एकपर्यंत लेखी पाठवतो. 13 तारखेला काय काय बसतं ते त्यात असेल.” यात तुम्ही होकार दिलेला नाही आणि नकारही नाही. उत्तर कधी येणार ती वेळ मात्र दिली आहे, आणि ती पाळायची आहे. दोन-तीन दिवस उलटले की कुणी विचारत नाही, तारीख पक्की झाल्याचं सगळे धरून चालतात.

मीटिंग संपल्यावर बॉसना एकटं गाठून एक प्रश्न नक्की विचारा: “13 तारखेनंतर ही माहिती लगेच कुठे लागणार आहे?” माझ्या मते संपूर्ण प्रक्रियेत सगळ्यात उपयोगी प्रश्न हाच. ‘13 तारीखच का?’ असं विचारलं तर आव्हान दिल्यासारखं वाटतं. ‘कुठे लागणार आहे’ असं विचारलं तर काम समजून घेतल्यासारखं वाटतं, आणि उत्तर तेच मिळतं.

तारखेमागे साधारण तीन प्रकारची कारणं सापडतात. एक, तारीख खरोखर बाहेरून आलेली असते: कायद्याची मुदत, करारातली अट, जुन्या सिस्टिमचं लायसन्स संपण्याचा दिवस. दोन, कुणालातरी काहीतरी दाखवायचं असतं. तीन, तारीख अशीच, ‘पुढचा शुक्रवार बरा’ म्हणून आलेली असते. आपल्या उदाहरणात बॉस सांगतात की सोमवारी 16 तारखेला वरिष्ठांसमोर नवी सिस्टिम चालवून दाखवायची आहे आणि विक्री विभागाचे लोक त्या दिवसापासून तिच्यावर काम सुरू करतील. म्हणजे 13 तारीख खरी आहे, पण ‘सगळी माहिती’ हे शब्द तितके खरे नाहीत. विक्री विभागाला पहिल्या दिवशी लागतात ते चालू ग्राहक. पाच वर्षांपूर्वी एकदा माल घेऊन गेलेला ग्राहक 16 तारखेला कुणी शोधणार नाही. तुमचा सगळ्यात चांगला पर्याय या एका उत्तरातून निघणार आहे.

हिशेब: काम किती, हाताशी किती

आता कामाचे तुकडे पाडा. पाच-सहा तुकडे पुरतात. तीस ओळींचं एक्सेल केलंत तर ते बॉस वाचणार नाहीत आणि खरं तर तुम्हालाही त्यात चुका दिसणार नाहीत. प्रत्येक तुकड्यासमोर मॅन-डे लिहा, म्हणजे एका माणसाचा पूर्ण एक दिवस लागेल असं काम.

आपल्या उदाहरणात जुन्या सिस्टिममधले रकाने नव्या सिस्टिमच्या रकान्यांशी जुळवायला 2 मॅन-डे लागतील. एकाच ग्राहकाच्या दोन-दोन नोंदी असतात, त्या शोधून एक करायला 10. करारांच्या स्कॅन प्रती त्या त्या ग्राहकाला जोडायला 5. चाचणी म्हणून माहिती एकदा भरून बघणं आणि निघालेल्या चुका दुरुस्त करणं 4. शेवटी खरी भरणी आणि पडताळणी 3. एकूण 24.

यातला 10 हा आकडा सगळ्यात मोठा, म्हणून प्रश्न त्याच्यावरच येणार. तो कुठून आला हे दाखवता आलं पाहिजे. इथे अंदाज करू नका, मोजा. सिस्टिमने संशयित म्हणून काढलेल्या जोड्या 1,500 आहेत. त्यातल्या 50 घ्या, घड्याळ लावा आणि खरोखर तपासा. दोन तास लागले, म्हणजे तासाला 25. मग 1,500 जोड्यांना 60 तास. आठ तासांच्या दिवसात असं डोळ्यात तेल घालून करायचं काम सहा तासांच्या वर होत नाही, म्हणून 10 दिवस. ‘मला वाटतं दहा दिवस लागतील’ आणि ‘50 तपासल्या, दोन तास लागले’ या दोन वाक्यांच्या वजनात फार फरक आहे. पहिल्यावर बॉस घासाघीस करतात. दुसऱ्यावर ते पद्धतीबद्दल विचारतात, आणि ती चर्चा उपयोगाची असते.

मोजता येत नसेल तर मागच्या अशाच कामाला प्रत्यक्षात किती दिवस लागले ते शोधा. डॅनियल कानमन आणि एमोस ट्वर्स्की या मानसशास्त्रज्ञांनी 1979 मध्ये दाखवून दिलं की नियोजन करताना माणूस समोरच्या कामातच गुरफटतो, आधीच्या तशाच कामांना किती वेळ लागला होता याकडे बघत नाही, आणि म्हणून त्याचे अंदाज सतत कमी निघतात. हे बॉसना लागू आहे तसंच तुम्हालाही. त्यामुळे जुन्या मेलमधल्या तारखा तुमच्या आठवणीपेक्षा जास्त भरवशाच्या.

आता दुसरी बाजू, हाताशी काय आहे. बुधवार 4 पासून शुक्रवार 13 पर्यंत कामाचे दिवस आठ. माणसं दोन, म्हणजे कागदावर 16 मॅन-डे. पण तुमच्या सहकाऱ्याला 10 तारखेला मासिक अहवाल द्यायचा आहे, त्यात त्याचे 2 दिवस जातात. तुमचा रोजचा पाव दिवस इतर विभागांच्या तक्रारी निस्तरण्यात जातो, आठ दिवसांत तेही 2 दिवस. उरले 12.

काम 24, हाताशी 12. तुमची सगळी बाजू या दोन आकड्यांत आली. ‘फार काम आहे’, ‘टीमवर ताण आहे’, ‘आम्ही आधीच उशिरापर्यंत थांबतो’ यांपैकी काहीही म्हणायची गरज नाही. आणि आकडे फुगवू नका. बॉसनी एक आकडा खोडून काढला की बाकीचे चारही संशयात येतात.

पर्याय कसे घडवायचे

डेडलाइनच्या प्रश्नात हलवता येण्यासारख्या गोष्टी मोजक्याच असतात: किती काम, कोणत्या तारखेला, किती माणसांत. चौथी गोष्ट म्हणजे दर्जा. पहिल्या तिघांबद्दल उघड चर्चा झाली नाही तर चौथीचा बळी कुणालाही न विचारता जातो, तोही तारखेच्या आदल्या रात्री, थकलेल्या माणसाकडून. लेखी पर्याय देण्याचं हे सगळ्यात व्यावहारिक कारण आहे.

पहिला पर्याय काम कमी करण्याचा. गेल्या बारा महिन्यांत व्यवहार झालेले ग्राहक 4,000 आहेत. तेवढेच 13 तारखेला भरायचे. त्यांच्यातल्या संशयित जोड्या 300, म्हणजे 12 तास, म्हणजे 2 मॅन-डे. रकाने जुळवणं 2, चाचणी 4, खरी भरणी 3. करारांच्या प्रती नंतर. एकूण 11, हाताशी 12. बसतं, एक दिवस राखीव ठेवून बसतं.

पण काम दोन हप्त्यांत केलं की थोडं वाढतं, हे लपवू नका. उरलेल्या 8,000 ग्राहकांसाठी पुन्हा एकदा भरणी आणि पडताळणी करावी लागेल, त्याचे 2 दिवस जास्तीचे. उरलेल्या नोंदींची तपासणी 8, करारांच्या प्रती 5, दुसरी भरणी 2, असे 15 मॅन-डे. अहवाल संपल्यावर रोज तुमचा पाऊण दिवस आणि सहकाऱ्याचा पूर्ण, म्हणजे पावणेदोन मॅन-डे मिळतात. 15 ला पावणेदोनने भागलं की साधारण नऊ दिवस, म्हणजे गुरुवार 26. थोडी मोकळीक ठेवून 30 तारीख द्या.

दुसरा पर्याय तारीख हलवण्याचा, सगळं एकदम. 13 पर्यंत 12 मॅन-डे होतील, उरलेल्या 12 ला रोज पावणेदोनच्या हिशेबाने सात दिवस, म्हणजे मंगळवार 24. लेखी देताना 26 द्या.

तिसरा पर्याय माणसं वाढवण्याचा, आणि लोक सगळ्यात जास्त गडबडतात ते इथेच. ‘अजून दोघं द्या’ म्हणणं सोपं आहे. आयबीएमच्या ओएस/360 या प्रचंड प्रकल्पाची जबाबदारी सांभाळलेल्या फ्रेड ब्रुक्स यांनी 1975 मध्ये लिहिलं की उशीर झालेल्या सॉफ्टवेअरच्या कामात माणसं घातली तर ते आणखी उशिरा होतं. नव्यांना शिकवण्यात जुन्यांचा वेळ जातो आणि एकमेकांशी बोलण्याचा व्याप वाढतो. दोघांमध्ये बोलण्याची एकच जोडी असते, पाच जणांत दहा होतात. म्हणून आधी बघायचं की कामाचा कोणता तुकडा नवख्याला, थोडं शिकवून, स्वतंत्रपणे देता येतो. आपल्याकडे दोन तुकडे तसे आहेत, जोड्या तपासणं आणि करारांच्या प्रती जोडणं. मिळून 15 मॅन-डे. रकाने जुळवणं किंवा भरणी नवख्याला देता येणार नाही.

ग्राहक ओळखणारे विक्री विभागातले तिघे जण गुरुवार 5 ते बुधवार 11 असे पाच दिवस पूर्ण वेळ मिळाले तर 15 मॅन-डे येतात. पहिल्या दिवशी ते निम्म्या वेगाने चालतील, म्हणून साडेतेरा धरा. तुमचा एक दिवस शिकवण्यात जाईल. उरलेला दीड दिवसाचा भाग तुम्हा दोघांवर येईल. तुमची स्वतःची कामं 9, शिकवणं 1, वरचं दीड, असे साडेअकरा. मासिक अहवाल 10 ऐवजी 17 ला चालला तर तुमच्याकडे 14 असतात. बेरीज बसते.

पण बेरीज बसली म्हणजे काम बसलं असं नाही. क्रमही बघा. सगळ्या जोड्या तपासून झाल्याशिवाय खरी भरणी सुरू करता येत नाही. ती 12 आणि 13 तारखेलाच करावी लागणार. त्या दोन दिवसांत तुम्हा दोघांचे मिळून साडेतीन मॅन-डे आहेत, काम 3 चं आहे. म्हणजे एकूण हिशेबात अडीच दिवस शिल्लक दिसत असले तरी शेवटच्या टप्प्यात राखीव आहे तो अर्धा दिवस. तिघांपैकी एक जण दोन दिवस आजारी पडला की हा पर्याय कोसळतो. हे मेलमध्ये लिहायचं.

एक पथ्य पाळा: जो पर्याय निवडला गेला तर तुम्ही रडाल, तो लिहूच नका. दोन मूर्ख पर्याय आणि मध्ये आपला लाडका, ही युक्ती बॉस लोक लगेच ओळखतात, कारण त्यांनीही ती कधीतरी वापरलेली असते. कधी कधी ते मुद्दाम मूर्ख पर्यायच निवडतात.

मेल

फोनच्या पडद्यावर दोनदा बोट फिरवून वाचून संपेल एवढाच मेल असावा. हिशेबाची शीट जोडा, पण ती उघडली नाही तरी निर्णय घेता आला पाहिजे.

> विषय: ग्राहक माहिती, 13 तारीख – तीन पर्याय, उद्या दुपारी 12 पर्यंत निर्णय हवा
>
> नमस्कार सर,
>
> काल ठरल्याप्रमाणे अंदाज काढला. 16 तारखेला विक्री विभाग नव्या सिस्टिमवर सुरू व्हावा, हे धरून पर्याय मांडले आहेत.
>
> संपूर्ण काम 24 मॅन-डेचं आहे. 13 तारखेपर्यंत आम्हा दोघांकडे 12 आहेत (मासिक अहवाल आणि रोजच्या तक्रारी वजा करून). सगळ्यात जास्त वेळ दुहेरी नोंदी तपासण्यात जातो. 50 जोड्या तपासून पाहिल्या, दोन तास लागले. एकूण 1,500 आहेत.
>
> पर्याय 1: 13 तारखेला चालू ग्राहक (4,000) पूर्ण तपासून नव्या सिस्टिमवर. बाकीचे 8,000 आणि करारांच्या प्रती 30 तारखेला. तोपर्यंत जुने ग्राहक जुन्या सिस्टिमवर बघावे लागतील. दोन हप्त्यांमुळे एकूण काम 2 दिवसांनी वाढतं.
>
> पर्याय 2: सगळं एकदम, 26 तारखेला. 16 तारखेचं प्रात्यक्षिक नमुना माहितीवर करावं लागेल.
>
> पर्याय 3: सगळं 13 तारखेलाच. त्यासाठी विक्री विभागातले तिघे 5 ते 11 पूर्ण वेळ हवेत आणि मासिक अहवाल 10 ऐवजी 17 ला जाईल. शेवटच्या टप्प्यात अर्धाच दिवस राखीव आहे. हा पर्याय हवा असेल तर आज संध्याकाळी 5 पर्यंत कळवावं, म्हणजे ते उद्यापासून बसू शकतील.
>
> माझी शिफारस पर्याय 1 ची, कारण 16 तारखेला विक्री विभागाला लागणारं सगळं त्यात येतं.
>
> दुहेरी नोंदी न तपासता भरल्या तर 13 तारीख गाठता येईल, पण एकाच ग्राहकाला दोन बिलं जाण्याचा धोका आहे. म्हणून तो पर्याय दिलेला नाही.
>
> रकाने जुळवण्याचं काम तिन्ही पर्यायांत लागतं, ते आजच सुरू केलं आहे. उद्या 12 पर्यंत वेगळं काही कळलं नाही तर पर्याय 1 धरून पुढे जाऊ.

या मेलमध्ये काय नाही ते आधी बघा. ‘अशक्य’ नाही, ‘अवास्तव’ नाही, ‘मी आधीच सांगितलं होतं’ नाही, माफीही नाही. पहिल्याच ओळीत बॉसचा उद्देश आहे, तुमची अडचण नंतर, तीही दोन आकड्यांत. प्रत्येक पर्यायाच्या पोटात त्याची किंमत आहे, आणि तुम्ही शिफारस करत असलेल्या पर्यायाचीही आहे. ही शेवटची गोष्ट लोक हमखास गाळतात आणि मग सगळा मेल वकिली वाटायला लागतो.

बिलांची ओळ मुद्दाम ठेवली आहे. दर्जावर पाणी सोडण्याची कल्पना कुणाच्यातरी डोक्यात येणारच: “तपासणी नंतर करू, आधी भरून टाका.” ती येण्याआधीच तिचा परिणाम लिहिलेला बरा, आणि परिणाम बॉसच्या भाषेत लिहावा. ‘डेटाची गुणवत्ता घसरेल’ हे कुणाला टोचत नाही. एकाच ग्राहकाला दोन बिलं, त्याने एक भरलं आणि दुसऱ्यासाठी वसुलीचा फोन गेला, हे चित्र लगेच कळतं.

शेवटची ओळही तितकीच महत्त्वाची. बॉसना रोज शंभर मेल येतात, तुमचा बुडू शकतो. उत्तर नाही आलं तर काय होणार हे लिहिलेलं असलं की काम अडत नाही. मात्र असा आपोआप लागू होणारा पर्याय तुमच्याच अखत्यारीतला हवा. ‘उत्तर नाही आलं तर पर्याय 3 धरू’ असं लिहिता येणार नाही, कारण दुसऱ्या विभागाची माणसं तुम्ही परस्पर घेऊ शकत नाही. आणि नवा मॅनेजर असेल, किंवा तुम्ही स्वतः नवे असाल, तर ही ओळ जरा मऊ करा: “पर्याय 1 च्या तयारीला लागतो, बदल हवा असेल तर उद्या 12 पर्यंत सांगावं.”

पाठवण्याआधी बॉसना दोन मिनिटं भेटा किंवा फोन करा: “अंदाज काढला आहे, सगळं 13 ला बसत नाही, तीन पर्याय पाठवतोय.” वाईट बातमी पहिल्यांदा मेलमधून कळली की माणूस बचावात जातो. सीसीमध्ये बॉसच्या बॉसना ठेवू नका. त्याने मेल लगेच तक्रार होतो, मजकूर कितीही सभ्य असो. सहकाऱ्याला ठेवा, त्याच्या वेळेचा हिशेब त्यात आहे. विक्री विभागाच्या प्रमुखांना बॉसनी सांगितल्यावरच.

समोरून काय येऊ शकतं

सगळ्यात चांगलं उत्तर म्हणजे चौथा पर्याय. बॉस म्हणतात, “चालू ग्राहक घ्या, पण मोठ्या पन्नास ग्राहकांच्या करारांच्या प्रती पण हव्यात.” म्हणजे त्यांनी तुमचा हिशेब स्वीकारला आणि त्याच्या आत घासाघीस सुरू केली. पन्नास प्रती एका दिवसाच्या राखीव वेळेत बसतात का ते बघा. बसत असतील तर हो म्हणा आणि सोबत लिहा की आता राखीव वेळ उरलेला नाही.

दुसरं उत्तर फोनवर येतं: “अरे, एवढं मेल-बिल कशाला, कर ना पर्याय 3, मी माणसं देतो.” फोनवर वाद घालू नका. फोन ठेवल्यावर त्याच मेलला दोन ओळींचं उत्तर द्या: “सर, आपलं आत्ता फोनवर ठरल्याप्रमाणे पर्याय 3. उद्या सकाळी 10 पासून विक्री विभागातले तिघे आणि मासिक अहवाल 17 ला, हे धरून सुरुवात करतो.” यातले दोन्ही तपशील गरजेचे आहेत. बऱ्याचदा पर्याय निवडला जातो, माणसं मात्र येत नाहीत. 5 तारखेला दहा वाजता खुर्च्या रिकाम्या असतील तर त्याच दिवशी लिहा: “तिघे अजून आलेले नाहीत. आज दुपारी 3 पर्यंत आले नाहीत तर पर्याय 3 चं गणित बसणार नाही, मग आपण पर्याय 1 वर जाऊ.” 9 तारखेपर्यंत वाट बघितलीत तर पर्याय 1 देखील हातचा जाईल, कारण तोवर तुम्ही 12,000 नोंदींच्या मागे लागलेले असाल.

तिसरं उत्तर सगळ्यात अवघड: “मला सगळं हवं आहे, 13 लाच, याच माणसांत.” इथे पुन्हा पूर्ण हिशेब उगाळू नका, तो त्यांनी वाचला आहे. कामाचा क्रम विचारा. “ठीक आहे सर, आम्ही पूर्ण जोर लावतो. कामाचा क्रम असा ठेवतो: आधी चालू ग्राहक, मग जुने, शेवटी करार. 13 ला जिथवर पोहोचू ते तपासलेलं असेल. आजच्या वेगाने चालू ग्राहक पूर्ण होतील, पुढचं राहील.” हे लेखी द्या. तारीख त्यांची राहिली, पण 13 तारखेला काय तयार असेल ते तुमच्या क्रमाने ठरलं. वस्तुतः हा पर्याय 1 च आहे, फक्त कुणाला माघार घ्यावी लागली नाही.

“मग रात्री थांबा, शनिवार-रविवार या” असं आलं तर त्याचाही हिशेब करा. मधला एक शनिवार-रविवार दोघांनी घालवला तर 4 मॅन-डे मिळतात. कमी पडतात 12. हा आकडा सांगितला की चर्चा आपोआप पुन्हा पर्यायांवर येते. आणि त्या चार दिवसांनी एखादा पर्याय खरोखर सुरक्षित होत असेल, तर बदली सुट्टी कधी मिळणार ते त्याच मेलमध्ये ठरवून घ्या.

ही पद्धत सगळीकडे चालत नाही. कायद्याची मुदत असेल तर ‘तारीख हलवा’ हा पर्याय देण्यात अर्थ नाही, फक्त काम आणि माणसं यांवर बोला. सुरक्षेची तपासणी कमी करून वेळ वाचतो असं कधीही पर्याय म्हणून लिहू नका, कारण लिहिलेला पर्याय निवडला जाऊ शकतो. आणि दर महिन्याला अशीच तारीख येत असेल, तर प्रश्न एका कामाचा राहिलेला नाही. तेव्हा आधीचे तीन-चार मेल समोर ठेवून बॉसशी वेगळं बोलायला हवं: तारीख बाहेर सांगण्याआधी अंदाज घ्यायला अर्धा दिवस मिळेल का, एवढीच मागणी घेऊन.

निर्णय झाल्यानंतर

समजा पर्याय 1 ठरला. आता एक दिवसाआड तीन ओळी पाठवा: काय झालं, काय उरलं, 13 तारीख ठीक आहे की नाही. यात सगळ्यात लवकर बोलणारा टप्पा चाचणी भरणीचा. ती 9 तारखेला एकदा झाली की चुकांची खरी संख्या कळते. चार हजारांत शे-दोनशे नोंदी अडल्या तर ठरलेल्या वेळेत दुरुस्त होतात. हजारभर अडल्या तर बहुधा रकान्यांच्या जुळवणीतच चूक आहे: एखादा पत्त्याचा रकाना चुकीच्या जागी गेलेला, किंवा तारखांचा साचा उलटा. ही चूक एका जागी दुरुस्त केली की बऱ्याच नोंदी एकदम सुटतात, म्हणून आकडा बघून लगेच घाबरून मेल करू नका. आधी अडलेल्या वीस नोंदी उघडून कारण एकच आहे का ते बघा.

कारणं वेगवेगळी निघाली तर मात्र त्याच संध्याकाळी लिहा, 12 ची वाट बघू नका: “चाचणीत 1,000 नोंदी अडल्या, दुरुस्तीला 3 मॅन-डे जास्त लागतील, राखीव 1 आहे. 13 ला 3,000 ग्राहक पूर्ण आणि उरलेले 1,000 बुधवार 18 ला, किंवा मासिक अहवालाचं उरलेलं काम आज दुसऱ्या कुणाकडे दिलं तर उरलेले सोमवारी 16 ला दुपारपर्यंत. कोणतं करू?” 9 तारखेला हे वाचून बॉस 16 चं प्रात्यक्षिक कोणत्या ग्राहकांवर करायचं ते बदलू शकतात. 12 च्या रात्री वाचलं तर त्यांच्या हातात काही उरत नाही.